कापलेल्या उभ्या अक्षाचा स्तंभालेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उभा अक्ष कापणे म्हणजे नेमके काय?

स्तंभालेखातला उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता मधल्याच एखाद्या आकड्यापासून सुरू करणे. शून्य ते तो आकडा एवढा भाग पानावरून गायब होतो, आणि प्रत्येक स्तंभाचा फक्त वरचा तुकडा आपल्याला दिसतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. या पानावर मुख्यतः तेच उलगडून पाहू. अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या काळात, २००१ आणि २००३ मध्ये, तिथे प्राप्तिकराचे दर कमी झाले होते. ही सवलत मुदतीची होती. २०१० मध्ये तिची मुदत वाढवली गेली आणि आता ती २०१२ च्या अखेरीस संपणार होती. जुलै २०१२ च्या शेवटी फॉक्स समूहाच्या वाहिनीवर एक आलेख दाखवला गेला. मथळा साधारण असा : बुश यांची करसवलत संपली तर काय? खाली दोनच स्तंभ होते. पहिला ‘आता’, सर्वांत वरचा करदर ३५ टक्के. दुसरा ‘१ जानेवारी २०१३’, ३९.६ टक्के. उभ्या अक्षावरचे आकडे ३४ पासून सुरू होऊन ४२ पर्यंत जात होते.

पहिल्या स्तंभाची पडद्यावरची उंची ३५ वजा ३४, म्हणजे १ एकक. दुसऱ्याची ३९.६ वजा ३४, म्हणजे ५.६ एकके. दुसरा स्तंभ पहिल्याच्या साडेपाचपटीहून उंच दिसत होता. प्रत्यक्षात ३९.६ हा आकडा ३५ च्या १.१३ पट आहे.

पण आकडे तर खरे होते आणि अक्षावर ३४ सुद्धा लिहिले होते. मग खोटे काय होते?

खोटी होती ती स्तंभाची उंची. वाचणाऱ्याशी स्तंभालेखाचा एक करार असतो : स्तंभाची लांबी म्हणजेच आकडा. दुप्पट आकड्याला दुप्पट लांबी, निम्म्याला निम्मी. स्तंभाचा तळ ही सजावट नसते, मोजणी तिथूनच सुरू होते. तळ ३४ वर नेऊन ठेवला की लांबी ‘करदर’ दाखवत नाही, ‘करदरातून ३४ वजा केल्यावर उरलेले’ दाखवते. त्या उरलेल्या भागाला व्यवहारात काहीच अर्थ नाही. ३४ टक्के हा काही विशेष दर नव्हता, तो आकडा केवळ ३५ च्या जवळचा होता.

दोन माणसांची उंची सांगायची आणि दोघांना कपाळाएवढ्या उंच भिंतीआड उभे करून फक्त भिंतीवर दिसते तेवढेच मोजायचे, तसा हा प्रकार. चार बोटे उंच असलेला माणूस दुप्पट दिसेल.

आकडे छापलेले असले तरी बचाव होत नाही, कारण नजर आधी आकार टिपते. दूरचित्रवाणीवर आलेख काही सेकंद राहतो, भाष्यकार बोलत असतो, आणि प्रेक्षकाच्या मनात उरते ते ‘एक बुटका, एक उंच’ एवढेच. शांतपणे दोन्ही आकडे वाचून मनातल्या मनात भागाकार करणारे लोक थोडे. आलेख काढणाऱ्याला ते माहीत असते, म्हणून जबाबदारी त्याचीच.

फरक किती फुगवला हे मोजता येते का?

येते, आणि ते सोपे आहे. एडवर्ड टफ्टी या अमेरिकी अभ्यासकाने यासाठी १९८३ मध्ये ‘लाय फॅक्टर’ नावाचे एक माप सुचवले. चित्रात दिसणारा बदल भागिले आकड्यांतला खरा बदल. उत्तर १ च्या आसपास आले तर चित्र प्रामाणिक.

आपल्या आलेखात उंची १ वरून ५.६ झाली, म्हणजे दिसणारी वाढ ४६० टक्के. करदर ३५ वरून ३९.६ झाला, म्हणजे खरी वाढ १३.१४ टक्के. भागाकार केला की ३५ येतात. फरक पस्तीसपट फुगवला गेला.

पस्तीस हा आकडा इथे योगायोगाने आलेला नाही. पहिल्या स्तंभाचा आकडा भागिले त्या स्तंभाचा दिसणारा तुकडा, एवढेच ते गणित आहे : ३५ भागिले १. दुसरा स्तंभ केवढा आहे याच्याशी त्याचा संबंधच नाही, कारण दोन आकड्यांतला फरक चित्रातही तोच राहतो आणि खऱ्या हिशेबातही तोच. बदलतो तो फक्त ज्याच्याशी तुलना करायची तो पाया. म्हणून कुठलाही आलेख पाहताना तोंडी हिशेब करता येतो : छोट्या स्तंभाचा आकडा घ्या, त्यातून अक्षाचा सुरुवातीचा आकडा वजा करा आणि जी बाकी उरेल तिने स्तंभाच्या आकड्याला भागा. ८० चा स्तंभ आणि अक्ष ७० पासून, तर फुगवटा आठपट. ८० चा स्तंभ आणि अक्ष ४० पासून, तर दुप्पट.

तेच दोन करदर वेगवेगळ्या ठिकाणी कापले तर काय होते ते पाहा :

| अक्षाची सुरुवात | दुसरा स्तंभ पहिल्याच्या किती पट दिसतो | फुगवटा |
|---|---|---|
| ० | १.१३ | १ |
| २० | १.३१ | २.३ |
| ३० | १.९२ | ७ |
| ३४ | ५.६ | ३५ |

शून्यावरून २० वर आल्याने फारसे बिघडत नाही. शेवटच्या चार एककांत, ३० वरून ३४ वर जाताना, फुगवटा सातावरून पस्तिसावर उडी मारतो. कापण्याची रेषा छोट्या स्तंभाच्या माथ्याला जितकी खेटेल तितका परिणाम बेसुमार वाढतो. ३४.९ वर कापले असते तर तो ३५० झाला असता. म्हणून ‘अक्ष थोडासाच कापलाय’ या म्हणण्याला अर्थ नाही. किती कापला यापेक्षा किती उरला हे विचारायला हवे.

मग करातला खरा फरक केवढा होता?

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. फुगवटा काढून टाकला म्हणजे फरक क्षुल्लक ठरला, असे नाही. तो जेवढा आहे तेवढा समजून घ्यायचा आहे.

३५ वरून ३९.६ म्हणजे शंभर डॉलरमागे ४ डॉलर ६० सेंट जास्त. पण कुठल्या शंभर डॉलरमागे? ‘सर्वांत वरचा दर’ संपूर्ण उत्पन्नाला लागत नाही, एका मर्यादेच्या वरच्या भागालाच लागतो. अमेरिकेत २०१२ साठी ती मर्यादा करपात्र उत्पन्नाच्या ३,८८,३५० डॉलरवर होती. समजा एखाद्याचे करपात्र उत्पन्न ५,००,००० डॉलर आहे. मर्यादेच्या वरचा भाग १,११,६५० डॉलर. मर्यादा तीच धरली तर त्यावर ४.६ टक्के म्हणजे सुमारे ५,१३६ डॉलर जादा कर. पाच लाखांच्या मानाने ही वाढ एका टक्क्याहून किंचित जास्त होते.

आणि ज्याचे उत्पन्न ६०,००० डॉलर आहे त्याला हा वरचा दर लागणारच नव्हता. सवलत संपल्यावर खालचे दरही बदलणार होते, त्यामुळे त्याचा कर वाढला असता हे खरे, पण आलेखातल्या दोन स्तंभांत त्याबद्दल काहीच नव्हते. तो प्रेक्षक साडेपाचपट उंच स्तंभ पाहून धास्तावला असेल तर त्याच्याशी संबंध नसलेल्या आकड्याने धास्तावला. अक्ष सरळ केला तरी ही दुसरी उणीव राहतेच. स्तंभ कशाचे आहेत, कोणाला लागू आहेत, हे लेबल वाचूनच कळते.

पुढे जानेवारी २०१३ च्या पहिल्याच आठवड्यात नवा कायदा झाला. बहुतेकांची सवलत कायम राहिली आणि ३९.६ टक्के दर एकट्या व्यक्तीसाठी ४,००,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला लावला गेला.

अक्षावर आकडेच नसतील तर कापलाय हे कसे ओळखायचे?

मोजपट्टी घेऊन. गंमत म्हणून सांगत नाही, मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून पडद्यावर पट्टी ठेवली तरी काम होते. स्तंभांवर त्यांचे आकडे लिहिलेले असतात, उंची तुम्ही मोजता, आणि लपवलेला तळ बाहेर काढता येतो.

आधी झटपट चाचणी. मोठ्या आकड्याला छोट्या आकड्याने भागा, मोठ्या उंचीला छोट्या उंचीने भागा. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली तर तळ शून्यावर आहे. उंचीचे उत्तर जास्त आले तर अक्ष कापलेला आहे.

कुठे कापला हे शोधायचे असेल तर छोटा आकडा गुणिले मोठी उंची करा, त्यातून मोठा आकडा गुणिले छोटी उंची वजा करा, आणि उत्तराला दोन उंचींच्या फरकाने भागा. करदराच्या आलेखावर करून पाहू. उंची १ सेंमी आणि ५.६ सेंमी धरा. ३५ गुणिले ५.६ म्हणजे १९६. ३९.६ गुणिले १ म्हणजे ३९.६. वजाबाकी १५६.४. उंचींचा फरक ४.६. भागाकार ३४. लपलेला तळ सापडला.

याचा खरा उपयोग फॉक्स न्यूज वाहिनीच्या ३१ मार्च २०१४ च्या आलेखात होतो. अमेरिकेतल्या नव्या आरोग्यविमा कायद्याखाली किती लोकांनी नोंदणी केली ते त्यात दाखवले होते : २७ मार्चपर्यंत ६०,००,००० आणि ३१ मार्चचे लक्ष्य ७०,६६,०००. उभ्या अक्षावर आकडेच नव्हते. नोंदणीचा स्तंभ लक्ष्याच्या स्तंभाच्या सुमारे एक तृतीयांश दिसत होता, म्हणजे पाहणाऱ्याला वाटणार की दोन तृतीयांश काम बाकी आहे. प्रत्यक्षात लक्ष्याच्या ८५ टक्के नोंदणी झालेली होती. वरचे सूत्र लावले, उंची १ आणि ३ धरली, तर तळ निघतो सुमारे ५४ लाख ६७ हजार. एवढे लोक आलेखाच्या खाली गाडले गेले होते. टीका झाल्यावर वाहिनीने दुसऱ्या दिवशी दुरुस्त आलेख दाखवला.

आकडे आणि अक्ष दोन्ही नसतील, नुसतेच रंगीत स्तंभ असतील, तर त्या चित्रातून काहीही निष्कर्ष काढू नका. ते तपासताच येत नाही.

रेषालेखाचा अक्षही शून्यापासूनच सुरू करायला हवा का?

नाही. स्तंभालेखाचा नियम सरसकट सगळीकडे लावणे हीसुद्धा चूक आहे.

रेषालेखात किंवा ठिपक्यांच्या आलेखात लांबी काहीच सांगत नाही. ठिपका कुठे आहे आणि रेषा कुठल्या दिशेने, किती चढाने जाते, हे सांगायचे असते. ठिपक्याखाली रंग भरलेला नसतो, त्यामुळे तळाशी केलेला करारही नसतो. म्हणून ज्या पट्ट्यात आकडे खरोखर फिरतात तो पट्टा दाखवणे तिथे योग्य ठरते. चढ मात्र तिथेही ताणता येतो, तेव्हा अक्षावरचे आकडे वाचणे सुटत नाही.

शून्याचा हट्ट धरून फसवताही येते. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा एक आलेख ट्विटरवर टाकला. वर्षे १८८० पासूनची, आणि उभा अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट. त्यात रेषा जवळजवळ सपाट दिसते, जणू काही घडलेच नाही. पण पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १० किंवा ११० अंशांच्या आसपासही कधी येत नाही. एका सेल्सिअस अंशाचा बदलही तिथे मोठा असतो. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत सरासरी तापमान उद्योगपूर्व काळापेक्षा सुमारे पाच-सहा अंशांनीच कमी होते.

शिवाय फॅरनहाइटचा शून्य म्हणजे ‘उष्णता अजिबात नाही’ असे नव्हे, ती मोजपट्टीवरची एक ठरवलेली खूण आहे. ताप आलेल्या माणसाचे १०४ आणि निरोगी माणसाचे ९८.६, हा फरक टक्केवारीत साडेपाचच भरतो. म्हणून कोणी तो दुर्लक्ष करण्याजोगा म्हणणार नाही. तापमानासाठी स्तंभ काढूच नयेत, रेषा काढावी.

थोडक्यात, आधी विचारा की इथे शून्याला काही अर्थ आहे का. माणसे, पैसे, मते, टन, लिटर यांना आहे. तिथे स्तंभ काढला तर शून्यापासूनच.

अक्षावर नागमोडी खूण करून ‘इथे कापले आहे’ असे दाखवले तर चालेल ना?

शाळेत आयतालेख काढताना आपण आडव्या अक्षावर आरंभबिंदूजवळ अशी खूण करतो, तिला अक्षसंकोच चिन्ह म्हणतात. त्यामुळे अनेकांना वाटते की ही खूण केली की सगळे माफ. पण तिथे ती आडव्या अक्षावर असते. वयोगट २० पासून सुरू होत असतील तर आधीची रिकामी जागा आवळल्याने कुठल्याही आयताची उंची बदलत नाही, सगळे फक्त डावीकडे सरकतात. उभ्या अक्षावर तीच खूण केली की प्रत्येक स्तंभ समान लांबीने कापला जातो आणि गुणोत्तर बिघडते. खूण सारखी, परिणाम अगदी वेगळा.

खूण पाहून वाचक मनातल्या मनात दुरुस्ती करून घेईल, ही आशाही फोल ठरते. मायकेल कॉरेल, एन्रिको बर्टिनी आणि स्टीव्हन फ्रँकोनेरी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अक्ष तुटल्याचे वेगवेगळ्या प्रकारे चित्रात दाखवूनही लोकांना फरक मोठाच वाटत राहिला. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ च्या अभ्यासात लोकांना आधीच समजावून सांगितले की असे आलेख दिशाभूल करतात. परिणाम कमी झाला, संपला नाही. म्हणजे हे पान वाचून झाल्यावरही तुमची नजर फसणारच आहे. म्हणून नजरेवर नव्हे, भागाकारावर विसंबायचे.

फरक खरोखर महत्त्वाचा आहे, पण शून्यापासून काढला की सगळे स्तंभ सारखेच दिसतात. मग काय करायचे?

ही अडचण खरी आहे आणि बहुतेक लोक अक्ष कापतात ते याच कारणाने, फसवायला नव्हे. एक आपल्याकडचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण महाराष्ट्रात ८२.३४ टक्के, गोव्यात ८८.७० आणि केरळमध्ये ९४ टक्के होते. शून्यापासून तीन स्तंभ काढले तर ते शेजारीशेजारी जवळपास एका उंचीचे दिसतात. मग कोणीतरी अक्ष ८० पासून सुरू करतो. आता तुकडे उरतात २.३४, ८.७० आणि १४. केरळ महाराष्ट्राच्या सहापट साक्षर दिसू लागतो, आणि महाराष्ट्रात जणू कोणी शाळेतच गेले नाही.

अशा वेळी पहिली गोष्ट, प्रश्न उलटा करून पाहा. शिक्षणाचे काम करणाऱ्याला काळजी कोणाची असते? जे अजून निरक्षर आहेत त्यांची. त्यांचे प्रमाण काढा : महाराष्ट्र १७.६६, गोवा ११.३०, केरळ ६. आता अक्ष शून्यापासून ठेवा, स्तंभ न कापता काढा. महाराष्ट्राचा स्तंभ केरळच्या जवळजवळ तिप्पट उंच येतो, आणि तो फरक पूर्णपणे खरा आहे. दर शंभरांत केरळमध्ये सहा निरक्षर, महाराष्ट्रात सतरा-अठरा. जे ठळक करायचे होते ते प्रामाणिक मार्गाने ठळक झाले.

हा उपाय सगळीकडे चालत नाही. शंभरातून वजा करून उरणाऱ्या आकड्याला स्वतःचा अर्थ असेल तेव्हाच तो वापरावा. आणि उलटे मांडणे ही निवड आहे हे विसरू नये : ‘केरळमध्ये १.१४ पट साक्षर’ आणि ‘महाराष्ट्रात जवळजवळ तिप्पट निरक्षर’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कोणते का निवडले ते शीर्षकात सांगावे.

दुसरा मार्ग म्हणजे स्तंभ सोडून ठिपके. आडव्या ओळींवर राज्यांची नावे आणि प्रत्येक ओळीवर एक ठिपका, अक्ष ८० ते १००. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवले की एकाच मोजपट्टीवरची ठिकाणे माणूस सर्वांत अचूक ताडतो, लांबी त्याहून कमी अचूक. ठिपक्यांत फरक नीट दिसतो आणि ‘सहापट’ असा भास होत नाही, कारण पटीत तुलना करायला लांबीच नसते.

तिसरा, फरकाचाच स्तंभ काढा. करदराच्या बाबतीत ‘वरच्या दरातील वाढ : ४.६’ असा एकच आकडा पुरे होता. एका वाक्याच्या माहितीला आलेख लागतोच असे नाही.

एक्सेलमध्ये आलेख काढला तर अक्ष आपोआप कापला जातो. असे का?

एक्सेल अक्षाची सुरुवात स्वतः ठरवते तेव्हा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहते. दोघांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक-षष्ठांशाहून, म्हणजे सुमारे १६.६७ टक्क्यांहून जास्त असेल तर शून्यापासून सुरुवात होते. फरक त्याहून कमी असेल तर शून्य सोडून दिले जाते. आपले ३५ आणि ३९.६ एक्सेलमध्ये घातले तर फरक ११.६ टक्केच भरतो, त्यामुळे अक्ष ३२ च्या आसपासपासून सुरू होईल. कोणाच्याही मनात काही नसताना एक दिशाभूल करणारा आलेख तयार, आणि तो तसाच अहवालात जातो. कार्यालयांतल्या सादरीकरणांत दिसणारे पुष्कळसे कापलेले अक्ष असेच जन्मतात, असे माझे मत आहे.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. उभ्या अक्षावर डबल क्लिक करा, `Format Axis` मध्ये `Axis Options` खाली `Bounds` शोधा आणि `Minimum` मध्ये `0` लिहा. गूगल शीट्समध्ये `Customize` खाली `Vertical axis` उघडून `Min` मध्ये `0` भरा.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढायचे साधन, मॅटप्लॉटलिब, याबाबत बरे आहे. स्तंभ काढले की ते शून्य सोडत नाही, कापायचे असेल तर मुद्दाम सांगावे लागते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहायची असतील तर :

```python
import matplotlib.pyplot as plt

fig, (a, b) = plt.subplots(1, 2)
for ax, low in ((a, 34), (b, 0)):
    ax.bar(["2012", "2013"], [35, 39.6])
    ax.set_ylim(low, 42)
plt.show()
```

विद्यार्थ्यांना शिकवताना `34` च्या जागी `30`, `20` घालून दाखवा. वरच्या तक्त्यापेक्षा हे लवकर पटते.

अक्ष शून्यापासून आहे. आता आलेखावर विश्वास ठेवू का?

आकारावर ठेवा, निष्कर्षावर लगेच नको. विशेषतः आकडे मतचाचणीचे असतील तर.

मार्च २००५ मध्ये अमेरिकेत टेरी शायव्हो या महिलेला अन्न पुरवणारी कृत्रिम नळी काढण्याचा न्यायालयाचा निर्णय मोठ्या वादाचा विषय झाला होता. त्यावरच्या चाचणीचा निकाल सीएनएनने संकेतस्थळावर स्तंभालेखात दाखवला : निर्णय मान्य असणारे डेमोक्रॅट ६२ टक्के, रिपब्लिकन ५४, अपक्ष ५४. अक्ष ५३ पासून सुरू होता, त्यामुळे स्तंभ ९, १ आणि १ एककाचे दिसले, जणू डेमोक्रॅट एकटेच एका बाजूला आहेत. तिन्ही गटांत बहुमत निर्णयाच्या बाजूने होते, ही मुख्य बातमी चित्रात दिसतच नव्हती. टीकेनंतर आलेख बदलला गेला.

पण अक्ष सरळ केल्यावरही ६२ आणि ५४ हा फरक किती पक्का, हा प्रश्न उरतो. चाचणीत एका गटातले तीनशेच लोक असतील तर त्या गटाच्या टक्केवारीत साडेपाच-सहा टक्के इकडेतिकडे होणे साहजिक असते. म्हणजे ६२ चा खरा आकडा ५६ ते ६८ मध्ये कुठेही, ५४ चा ४८ ते ६० मध्ये कुठेही असू शकतो. दोन्ही पट्टे एकमेकांत शिरतात. चाचणीचा आलेख पाहताना गटात किती माणसे होती हे शोधा. ते दिलेलेच नसेल तर आठ-दहा टक्क्यांच्या फरकावर मोठे विधान करू नका.

आडवे स्तंभ असतील तर?

नियम तोच, फक्त कापलेला अक्ष आडवा असतो. डावी कड शून्यावर आहे का ते पाहा.

आणि उणे आकडे असतील तर?

तेव्हा शून्याची रेषा मधे येते, नफा वर आणि तोटा खाली. ते योग्यच आहे, स्तंभ शून्यापासून निघाले म्हणजे झाले.

लॉग मोजपट्टीवर स्तंभ काढावेत का?

काढू नयेत. लॉग मोजपट्टी म्हणजे १, १०, १०० अशी दर टप्प्याला ठरावीक पटीने वाढणारी पट्टी, आणि तिच्यावर शून्य येतच नाही. तळ १ वर ठेवा किंवा १० वर, प्रत्येक वेळी स्तंभाची लांबी बदलते आणि कुठलीही खरी नसते. तिथे ठिपके किंवा रेषा वापरा.